खिडकीमागचं दुसरं काम

बँकेच्या खिडकीमागे बसलेला क्लार्क दिवसभर दोन कामं करतो आणि पगार एकाच कामाचा घेतो. पहिलं काम सगळ्यांना दिसतं. पासबुक भरायचं, अर्ज तपासायचा, सही जुळते का पाहायचं, रोकड मोजायची. दुसरं काम कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाही. समोरचा आवाज चढवत असताना आपला चढू द्यायचा नाही, सकाळपासून पन्नासदा विचारला गेलेला प्रश्न पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्यानं ऐकायचा, आणि घरून काय ताण घेऊन आलोय ते काचेपलीकडे जाऊ द्यायचं नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशिल्ड यांनी १९८३ साली या दुसऱ्या कामाला भावनिक श्रम असं नाव दिलं.

संघटनात्मक वर्तनाच्या पाठ्यपुस्तकात स्वभावगुणांचं प्रकरण वेगळं असतं, भावनिक बुद्धिमत्तेचं वेगळं आणि भावनिक श्रमांचं बऱ्याचदा एखाद्या पानात उरकलेलं. विद्यार्थी तिन्ही वेगवेगळी पाठ करतात आणि परीक्षेत वेगवेगळी लिहितात. मला ही वाटणी पटत नाही. स्वभाव आणि भावनिक बुद्धिमत्ता यांची गाठ नेमकी या दुसऱ्या कामातच पडते. जिथे हे काम नाही, तिथे भावनिक बुद्धिमत्तेचा एवढा गवगवा करण्यासारखं फारसं काही हाती लागत नाही. हे माझं मत असलं तरी त्याला आकड्यांचा आधार आहे. पण आधी खिडकीवर जाऊ.

प्रसंग काल्पनिक आहे, मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही बँकेत तो घडू शकतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका रांगेतून पुढे येतात. वय पंचाहत्तरीच्या आसपास. डिसेंबरची पेन्शन खात्यात पडलेली नाही. पेन्शनरांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो नोंदला गेला नाही, तर पुढची पेन्शन थांबते. काकांचं म्हणणं असं, की दाखला दिला होता, याच खिडकीवर दिला होता.

"ही तिसरी खेप आहे माझी. तुम्हाला कुणाला काही पडलेलीच नाही. तुमच्या खिशातून द्यायचेत का पैसे?"

"काका, सिस्टीममध्ये दाखला दिसत नाहीये. त्याला मी काय करू?"

क्लार्कचं उत्तर खरं आहे. त्यात एकही शब्द उद्धट नाही. तरी पाच मिनिटांत काका मॅनेजरच्या टेबलापाशी असतील आणि रांगेतले चौघं त्यांच्या बाजूनं बोलत असतील, हे बँकेत काम केलेला कुणीही सांगेल.

आता याच खिडकीवर दुसरी क्लार्क आहे असं समजू. तिलाही तेच शब्द ऐकू येतात. पण पासबुकाच्या आत घडी घातलेलं औषधाच्या दुकानाचं बिल तिला दिसतं. आवाज पैशाच्या उल्लेखावर चढत नाही, तो 'तिसरी खेप' म्हणताना चढतो, हे तिच्या कानावर पडतं. बोलता बोलता काका एकदा मागे वळून बघतात. रांगेत त्यांच्या ओळखीचं कुणीतरी असावं. ती विचारते, "काका, औषधं आणायची राहिलीत का?" काका आवाज खाली आणतात. "आणली. उधारीवर." मग ती आधी एकच वाक्य बोलते, "पेन्शन बुडत नाही, थांबलेली सगळी मिळते." त्यानंतर पुढचं. "दाखला आत्ता इथंच करू. अंगठा उमटला नाही तर चेहऱ्यावरूनही होतो. पीपीओ नंबर सांगा, सावकाश सांगा."

दोघींनी दिलेली माहिती जवळपास सारखीच आहे. नोव्हेंबरातला कागद कुठे गेला, हे दोघींनाही ठाऊक नाही. फरक पडला तो आधीच्या वीस सेकंदांत, आणि त्या वीस सेकंदांत तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या. पहिली, काकांच्या चेहऱ्यावर आणि आवाजात काय आहे ते तिनं टिपलं. दुसरी, हा राग वरचा आहे, खाली भीती आहे आणि उधारीची लाज आहे, हे तिनं ओळखलं. ज्याला लाज वाटतेय त्याला चारचौघांत नियम ऐकवला तर तो आणखी भडकतो, हेही तिच्या ध्यानात आलं. तिसरी, 'तुमच्या खिशातून' या वाक्यानं तिच्या मनात जी कळ उठली असेल ती तिनं आवरली, आणि काकांचा ताणही एका वाक्यानं उतरवला.

पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्ता ही संकल्पना मांडली तेव्हा त्यांच्या मनात साधारण हेच होतं. भावना ओळखणं, समजून घेणं आणि हाताळणं ही एक क्षमता आहे, जशी आकडेमोड ही एक क्षमता आहे. पुढे १९९७ मध्ये त्यांनी तिच्या चार बाजू सांगितल्या. विचार करताना भावनेचा उपयोग करून घेणं ही त्यांतली चौथी. या मांडणीत मनमिळाऊपणा, आशावाद, जिद्द यांपैकी काहीही नव्हतं. ते सगळं नंतर आलं आणि बाजारातून आलं. त्याकडे वळायचं आहेच.

२०१० साली डॅना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन या संशोधकांनी तोपर्यंत झालेल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र केले आणि या बाजूंपैकी तिघींची साखळी लावून पाहिली. आधी ओळखणं, त्यावर समजणं, त्यावर हाताळणं, आणि मग कामाची गुणवत्ता. त्यांचं म्हणणं असं, की साखळीच्या प्रत्येक कडीला आधीपासून काहीतरी चिकटलेलं असतं. ओळखण्याच्या कडीला कर्तव्यदक्षता, समजण्याच्या कडीला सर्वसाधारण बुद्धी आणि हाताळण्याच्या कडीला भावनिक स्थैर्य. आकडे या मांडणीशी जुळले.

यांतली कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य ही नावं विद्यार्थ्यांच्या ओळखीची आहेत. स्वभावाच्या पाच मोठ्या गुणांपैकी हे दोन. उरलेले तीन म्हणजे बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि नव्याची ओढ. हे पाच कुणा एका पंडिताच्या डोक्यातून निघालेले नाहीत. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास अठरा हजार शब्द वेचले. पुढच्या काही दशकांत वेगवेगळ्या संशोधकांनी कोणते शब्द एकमेकांबरोबर येतात याची गणितं मांडली आणि हळूहळू पाच गट पुढे आले. म्हणजे मुळात ही माणसांनी माणसांबद्दल केलेल्या बोलण्याचीच वर्गवारी आहे.

साखळीतल्या पहिल्या कडीपाशी बहुतेक जण अडखळतात. भावना ओळखण्याचा आणि कर्तव्यदक्षतेचा काय संबंध? इथे मनमिळाऊपणा किंवा बहिर्मुखता असायला हवी असं वाटतं. पण खिडकीवरचा प्रसंग पुन्हा बघा. पासबुकातलं बिल दिसायला मायाळूपणा लागला नाही, लक्ष लागलं. जो माणूस सहीतला फरक नजरेतून सुटू देत नाही, त्याच्या नजरेतून चेहऱ्यावरचा बदलही सहसा सुटत नाही. उलट गप्पिष्ट, हसतमुख, सगळ्यांना हवाहवासा वाटणारा सहकारी समोरच्याचं काहीही न टिपता अर्धा तास बोलू शकतो. असा एक नमुना प्रत्येक कार्यालयात असतो आणि ग्राहकसेवेच्या टेबलावर बसवताना साहेबांना आधी तोच आठवतो.

समजण्याच्या कडीशी बुद्धी जोडली जाते, कारण ते काम तर्काचं आहे. लाज डिवचली की रागात बदलते, भीतीला खात्रीची गरज असते, निराशेला वेळेची. हे माहीत असावं लागतं आणि झटक्यात लावता यावं लागतं. सरकारी बँकांच्या क्लार्कसाठी आयबीपीएसची जी परीक्षा होते तिच्यात तर्क, आकडेमोड, भाषा यांचा वेग तपासतात आणि मुलाखत होत नाही. म्हणजे भरतीच्या गाळणीतून साखळीची मधली कडी थोडीफार तपासली जाते. पहिली आणि तिसरी मात्र देवाच्या हवाली.

तिसरी कडी सगळ्यांत जड. भावनिक स्थैर्य कमी असलेल्या माणसाला काय करायचं ते कळत नाही असं नसतं. त्याला कळतं, कधी कधी इतरांपेक्षा जास्त कळतं. पण 'तुमच्या खिशातून' हे वाक्य कानावर पडताच त्याच्या छातीत जी धडधड होते ती शेजारच्या खिडकीवरल्या सहकाऱ्यापेक्षा मोठी असते आणि उतरायलाही जास्त वेळ घेते. दोघांना एकाच उंचीची भिंत चढायची आहे, फक्त एक जण खड्ड्यातून सुरुवात करतो. त्यामुळे अशा माणसाला 'शांत राहायला शिका' असं प्रशिक्षण देऊन सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय शांत राहण्याचे दोन प्रकार आहेत. वरून ते सारखेच दिसतात, आत मात्र त्यांचा परिणाम अगदी वेगळा होतो. होकशिल्ड यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या विमानसेविकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना हे दोन्ही दिसले. पहिला प्रकार वरवरचा अभिनय. आत राग तसाच, चेहऱ्यावर हसू. दुसरा आतून केलेला अभिनय. इथे माणूस मनातला अर्थच बदलतो आणि मग चेहरा वेगळा ओढूनताणून आणावा लागत नाही. डेल्टाच्या प्रशिक्षणात विमानाची केबिन म्हणजे आपल्या घरची बैठकीची खोली आणि प्रवासी म्हणजे घरी आलेले पाहुणे समजा, असं सांगत. चिडलेल्या प्रवाशाबद्दल मनात म्हणायचं, की याच्या घरी काहीतरी वाईट घडलं असेल. आपल्या दुसऱ्या क्लार्कनं बिल पाहून जे केलं ते याच जातीचं. फरक इतकाच, की तिला कल्पना करावी लागली नाही, पुरावा समोर होता.

वरवरच्या अभिनयाची किंमत नेमकी कुठे मोजावी लागते, याचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. स्टॅनफर्डमध्ये जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकारी जेन रिचर्ड्स यांनी लोकांना अस्वस्थ करणारी चित्रं दाखवली आणि त्याबरोबर माहितीही ऐकवली. काहींना सांगितलं होतं, की चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका. नंतर विचारलं तर ऐकलेली माहिती या लोकांना कमी आठवत होती. ज्यांना चित्रांकडे डॉक्टरच्या अलिप्त नजरेनं बघायला सांगितलं होतं, त्यांची स्मरणशक्ती अशी घसरली नाही. चेहरा धरून ठेवण्यातच डोक्यातली जागा खर्ची पडते. म्हणजे राग गिळून हसणारा क्लार्क काकांचा पीपीओ नंबर चुकीचा टिपून घेण्याची शक्यता वाढते. काका घरी जातात, दाखला नोंदलाच जात नाही, आणि पुढच्या महिन्यात ते चौथ्या खेपेला येतात. शाखेच्या हिशोबात ही टंकलेखनाची चूक. तिचं मूळ भावनेत आहे हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

दिवसाच्या शेवटी हिशोब आणखी वाढतो. या विषयावरचे अभ्यास एकत्र करून २०११ साली केलेल्या पाहणीत वरवरच्या अभिनयाचं नातं भावनिक थकव्याशी आणि कामाबद्दलच्या असमाधानाशी स्पष्ट दिसलं. आतून केलेल्या अभिनयाचं तसं दिसलं नाही. उलट ग्राहकाच्या समाधानाशी त्याचा चांगला संबंध होता, कारण ओढून आणलेलं हसू माणसं ओळखतात. पण 'मग सगळ्यांनी आतूनच करावं' असं म्हणणं सोपं आहे. आतून करायला समोरच्याकडे पाहायला दोन क्षण मिळावे लागतात. साठ माणसांची रांग, एक बंद पडलेला प्रिंटर आणि शेजारची रिकामी खुर्ची असताना ते दोन क्षण कुठून आणायचे? तिथे चांगल्यातला चांगला माणूसही वरवरच्या अभिनयावर येतो.

संध्याकाळी हीच क्लार्क मागच्या टेबलावर ताळा जुळवायला बसते. रोकड आणि नोंदी यांच्यात चारशे रुपयांचा फरक आहे. समोर कुणी माणूस नाही, कागद आहेत. इथे तिची भावनिक बुद्धिमत्ता काय कामाची?

जोसेफ आणि न्यूमन यांच्या आकड्यांतला सगळ्यांत अनपेक्षित भाग इथे येतो. ज्या नोकऱ्यांत भावनिक श्रम भरपूर, तिथे भावनिक बुद्धिमत्ता जास्त तशी कामगिरी चांगली. ज्या नोकऱ्यांत भावनिक श्रम कमी, तिथे हे नातं उलटं झालं. थोडंसंच, पण उलटं. चाचणीत जास्त गुण मिळवणाऱ्यांचं काम किंचित कमी प्रतीचं निघालं. असं का व्हावं, याबद्दल माझा अंदाज असा, की शेजारच्या टेबलावर कोण आज गप्प आहे हे ज्याला आपोआप जाणवतं, त्याचं लक्ष तिकडे जातंच, आणि ताळेबंदाला तुकड्यातुकड्यांत दिलेलं लक्ष चालत नाही. अंदाज चुकीचा असेल, आकडा मात्र जागेवर आहे.

कर्तव्यदक्षतेचं तसं नाही. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ साली पाच प्रकारच्या व्यवसायांतले अभ्यास एकत्र तपासले. व्यावसायिक तज्ज्ञ, पोलीस, व्यवस्थापक, विक्रेते आणि कुशल-अर्धकुशल कामगार. पाचही ठिकाणी ज्याचा कामगिरीशी संबंध टिकला असा गुण एकच, कर्तव्यदक्षता. बहिर्मुखतेचा उपयोग व्यवस्थापकांत आणि विक्रेत्यांत दिसला. बाकी ठिकाणी तो ठळक नव्हता. संबंधही भारी नव्हता, पण जिथे जाल तिथे तो होता. म्हणून कुणाला नोकरीवर ठेवायचं याचा एकच गुण निवडायचा झाला, तर मी आजही भावनिक बुद्धिमत्तेच्या आधी हा निवडेन. दिलेला शब्द पाळणारा, कागद जागेवर ठेवणारा, उद्याचं आज करून मोकळा होणारा माणूस. त्याच्यावर कुणी बेस्टसेलर लिहीत नाही.

बेस्टसेलर लिहिलं गेलं ते भावनिक बुद्धिमत्तेवर. १९९५ साली डॅनियल गोलमन या पत्रकार-मानसशास्त्रज्ञाचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकानं मुखपृष्ठावर हा विषय घेतला. गोलमन यांनी लिहिलं होतं, की आयुष्यातल्या यशात बुद्ध्यंकाचा वाटा फार तर वीस टक्के आणि उरलेले ऐंशी टक्के इतर गोष्टींचे. त्या 'इतर गोष्टीं'मध्ये घरची परिस्थिती आली, नशीब आलं, सगळंच आलं. पण वाचणाऱ्यांनी आणि विशेषतः प्रशिक्षण विकणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला, यशाचे ऐंशी टक्के म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता. खुद्द गोलमन यांना नंतर हा अर्थ खोडून काढावा लागला. आपल्याकडच्या कॉर्पोरेट प्रशिक्षणांच्या स्लाइडवर तो आकडा अजूनही ठाण मांडून आहे.

प्रशिक्षणाच्या दिवशी जी प्रश्नावली वाटतात तिच्यातही गोम आहे. 'मी इतरांच्या भावना सहज ओळखतो.' एक ते पाचपैकी एका आकड्यावर खूण करा. शाखेतले सगळे चारवर करतात. मुलाखतीत दिली तर सगळे पाचवर करतील. हे म्हणजे गणिताच्या परीक्षेत 'मला गणित चांगलं येतं' यावर खूण करून घेण्यासारखं. स्वतःला दिलेले गुण आणि प्रत्यक्ष चाचणीत मिळालेले गुण यांचा मेळ फारच कमी बसतो, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय. २०१४ मध्ये डेव्हिड डनिंग आणि सहकाऱ्यांनी त्यापुढची गंमत दाखवली. चाचणीत तळाला असलेले लोक स्वतःला सरासरीपेक्षा बरेच वरचे समजत होते. निकाल दाखवला तर ते चाचणीलाच नावं ठेवू लागले, आणि सुधारणेसाठी मदत घ्यायची तयारीही त्यांचीच सगळ्यांत कमी होती.

तरीही अशा स्वतःच भरायच्या प्रश्नावल्यांचे गुण आणि वरिष्ठांनी केलेलं कामाचं मूल्यमापन यांच्यात संबंध सापडतो, हे मान्य करावं लागेल. जोसेफ, न्यूमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली तो मोजला तेव्हा ०.२९ भरला. या आकड्याचा वर्ग केला तर कळतं, की माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक पडतो त्यातला साधारण आठ टक्के भाग या गुणांशी जुळतो. मनुष्यबळ विभागाच्या दृष्टीनं हे थोडं नाही. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. या प्रश्नावल्या मोजतात तरी काय? कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य, आत्मविश्वास, आपलं काम चांगलं आहे अशी स्वतःची समजूत, बुद्धी आणि खरी भावनिक क्षमता, यांचा परिणाम वजा केला. मागे जवळजवळ शून्य उरलं. म्हणजे प्रश्नावली काम करते, पण ती जुन्याच स्वभावगुणांची खिचडी मोजते आणि नवं नाव लावून विकते. ज्या कंपनीकडे स्वभावगुणांची साधी चाचणी आहे, तिनं यावर वेगळे पैसे का घालवावेत, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मग क्षमता तपासणारी चाचणी घ्यावी, तर तिच्याही अडचणी आहेत. मेयर आणि सॅलोव्हे यांनी डेव्हिड कारूसो यांच्याबरोबर तयार केलेल्या चाचणीत चेहऱ्यांचे फोटो दाखवून कुठली भावना किती आहे ते विचारतात, प्रसंग देऊन काय केलं तर उपयोग होईल ते विचारतात. बरोबर उत्तर कुणी ठरवायचं? एका पद्धतीत बहुसंख्य लोकांनी दिलेलं उत्तर बरोबर धरतात, दुसऱ्या पद्धतीत भावनांच्या अभ्यासकांचं. पहिल्या पद्धतीत बहुसंख्यांपेक्षा खोल पाहणाऱ्याचे गुण कापले जातात. आणि बहुसंख्य कुठले, हाही प्रश्न आहेच. आपल्या कार्यालयांत साहेब झापत असताना नवीन मुलगा खाली मान घालून किंचित हसतो. बाहेरून आलेल्या वरिष्ठाला तो उर्मटपणा वाटतो. शेजारच्या टेबलावरच्या शिपायाला कळतं, की पोरगं ओशाळलंय. परदेशात ठरवलेल्या उत्तरपत्रिकेत हे हसू कुठल्या रकान्यात पडेल, सांगता येत नाही.

भावना ओळखता आणि हाताळता आल्या, की माणूस भला होतो अशी एक समजूत प्रशिक्षणवर्गांत गृहीत धरलेली असते. तिलाही तपासून पाहायला हवं. स्टेफान कोटे आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं, की भावना कशा हाताळाव्यात याचं ज्ञान ज्यांच्या मनात नीतीला मोठं स्थान आहे त्यांना इतरांच्या अधिक उपयोगी पडायला लावतं. ज्यांचा स्वभाव कावेबाज, माणसं वापरून घेणारा आहे, त्यांच्या हातात हेच ज्ञान सहकाऱ्यांना जाहीरपणे खजील करण्याचं हत्यार बनतं. ही क्षमता सुरीसारखी, धार तेवढी देते.

कर्जवसुलीचे फोन करणाऱ्या माणसाचा विचार करा. होकशिल्ड यांनीही विमानसेविकांच्या जोडीला वसुली करणाऱ्यांचा अभ्यास केला होता, कारण भावनिक श्रमाचं ते दुसरं टोक. तिथे नोकरीची मागणी हसण्याची नसते, समोरच्यावर संशय घ्यायची आणि त्याला लहान वाटायला लावायची असते. कर्जदाराच्या आवाजातली भीती जो वसुलीवाला चटकन टिपतो, त्याला ती कुठे दाबायची हेही कळतं. त्याच्या साखळीतल्या तिन्ही कड्या उत्तम असू शकतात. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली वसुली प्रतिनिधींनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करू नये असं बजावलं. अशा ठिकाणी भावनिक बुद्धिमत्ता वाढवण्याच्या वर्गापेक्षा हा वेळेचा नियम कर्जदाराच्या जास्त कामी येतो.

शाखेचा मॅनेजर यातून काय घेऊ शकतो? माणसं बदलणं त्याच्या हातात नसतं. बदल्या वरून होतात आणि तिशी ओलांडलेल्या माणसाचा स्वभाव एका दिवसाच्या वर्गानं बदलत नाही. त्याच्या हातात खिडक्यांची वाटणी असते. पेन्शनच्या आठवड्यात त्या खिडकीवर शाखेतला सगळ्यांत हसरा माणूस बसवायचा, की ज्याच्या नजरेतून काही सुटत नाही आणि जो लवकर पेटत नाही असा? हे ओळखायला प्रश्नावली लागत नाही. मागच्या सहा महिन्यांत कुणाच्या खिडकीवरून भांडण मॅनेजरच्या टेबलापर्यंत आलं, नोंदी चुकण्याचं प्रमाण गर्दीच्या तासांत कुणाचं वाढतं, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. दुसरा मार्ग म्हणजे खिडकीवरच्या माणसाला दोनेक तासांनी ताळ्याच्या टेबलावर पाठवणं आणि तिथल्याला खिडकीवर बोलावणं. काचेआड, कुणाला दिसणार नाही अशा जागी दहा मिनिटं चेहरा सैल सोडायला मिळाला, तर पुढच्या काकांकडे पाहायला ते दोन क्षण उरतात. आणि ग्राहकानं शिवी दिली तर खिडकी बंद करून मॅनेजरला बोलवायची मुभा क्लार्कला आहे, हे सगळ्यांदेखत एकदा सांगून ठेवलेलं असावं. ही मुभा क्वचितच वापरावी लागते, पण ती आहे हे माहीत असलं की हसू ओढून आणायची सक्ती थोडी सैल होते.